अर्धी बादली म्हणजे किती रंग?

रंगकाम घेणाऱ्या कंत्राटदाराचं गोदाम पाहायचं तर दिवाळी उरकल्यावर पाहावं. गोदाम म्हणजे बहुतेक वेळा भाड्याचा एखादा गाळा, नाहीतर कुठल्यातरी इमारतीच्या जिन्याखालची खोली. पावसाळा संपल्यापासून दिवाळीपर्यंत चार-पाच साइट एकदम चाललेल्या असतात आणि त्या सगळ्यांचा उरलेला माल इथे येऊन पडतो. वीस लिटरच्या बादल्या, चार लिटरचे डबे, एक लिटरच्या डब्या एकावर एक रचलेल्या. अंदाजाने मोजलं तर दोनशे लिटर रंग सहज निघेल. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी एका बेडरूमसाठी रंग आणायला पोऱ्याला दुकानातच पाठवावं लागतं.

याचं कारण असं की त्या दोनशे लिटरची बेरीजच होत नाही. सिमेंटच्या वीस गोण्या अधिक वीस गोण्या म्हणजे चाळीस गोण्या. रंगाचं तसं नाही. सहा लिटर पिस्ता आणि चार लिटर मोतिया मिळून दहा लिटर काहीच होत नाही. कंत्राटदार पहिली चूक वहीतच करतो. ‘गोदामात इमल्शन : १४० लिटर’ अशी ओळ लिहितो आणि पुढच्या कामाचा दर लावताना त्या ओळीवर विसंबतो.

खरं तर या मालाचे तीन वेगळे ढीग मानायला हवेत. पहिला ढीग सीलबंद आणि रंग न मिसळलेल्या मालाचा. पांढरा प्रायमर, सिलिंगचा पांढरा, पुट्टी, टर्पेन्टाईन आणि दुकानातल्या मशीनखाली अजून न गेलेल्या बेसच्या बादल्या या ढिगात येतात. हा माल कोथरूडच्या फ्लॅटवरून उचलून हडपसरच्या ऑफिसला नेता येतो आणि संबंध चांगले असतील तर दुकानदार परतही घेतो. दुसरा ढीग शेड बनवून आणलेल्या, पण अजून न उघडलेल्या डब्यांचा. सील शाबूत असलं तरी हा माल त्या एका साइटचाच असतो आणि दुकानदार तो परत घेत नाही. अख्खं ताग्यातलं कापड आणि कुणाच्या तरी मापाचा शिवलेला ब्लाऊज, इतका या दोन ढिगांत फरक आहे. तिसरा ढीग उघडलेल्या डब्यांचा. त्याची किंमत लिटरवर नसते, तर डब्यात नेमकं काय आहे हे आपल्याला किती खात्रीने सांगता येतं, यावर असते.

पहिल्या ढिगातल्या बेसविषयी थोडं सांगायला हवं, कारण तिथे होणारा घोटाळा महागात पडतो. दुकानातल्या टिंटिंग मशीनमध्ये रंग तयार नसतो. कंपनीकडून बेसचे डबे येतात आणि निवडलेल्या शेड नंबरप्रमाणे मशीन त्यात रंगद्रव्याच्या ठरलेल्या मात्रा सोडतं. मग डबा शेकरमध्ये घुसळला जातो. फिक्या शेडसाठीच्या बेसमध्ये पांढऱ्याचं, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचं, प्रमाण भरपूर असतं. गडद शेडसाठीच्या बेसमध्ये ते फार थोडं असतं किंवा नसतंच, कारण पांढरं घातलं तर मरून रंग गुलाबी होईल. पण डबा उघडला की हा गडद बेसही दुधासारखा पांढराच दिसतो. साइटवर कुणीतरी तो ‘पांढरा’ समजून सिलिंगला लावतो. ओला असताना ठीक वाटतं. वाळल्यावर खालची पुट्टी तशीच दिसत राहते, दुसरा हात मारला तरी दिसते, आणि मग रंगारी पुट्टीला दोष देतो. असं झालं की आधी झाकण पाहायचं आणि मग बादली उचलून पाहायची. पांढरं कमी असल्यामुळे गडद बेसची बादली तेवढ्याच लिटरच्या पांढऱ्यापेक्षा हाताला हलकी लागते.

आता मागणी किती नोंदवायची ते पाहू, कारण गोदामातल्या ढिगाचा जन्म तिथेच होतो. समजा, कोथरूडचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. उंची साडेनऊ फूट. दोन्ही बेडरूम दहा बाय अकरा, म्हणजे भिंतींची एकूण लांबी बेचाळीस फूट. दारं-खिडक्या वजा जाता प्रत्येकी साधारण ३३५ चौरस फूट भिंत उरते. हॉल चौदा बाय अकरा. त्याच्या तीन भिंतींना बेडरूमचाच ऑफ व्हाईट द्यायचा आहे. त्या दारं-खिडक्या सोडून २६५ चौरस फूट भरतात. चौथी भिंत मालकिणीला गडद मोरपंखी हवी आहे आणि ती १०५ फुटांची आहे.

ऑफ व्हाईटची भिंत झाली ९३५ फूट. डब्यावर छापलेला लिटरमागचा आकडा गुळगुळीत, तयार पृष्ठभागावरचा असतो. प्रत्यक्षात भिंत किती शोषते, रोलर कसला आहे, हात कोणाचा आहे, यावर तो बराच खाली येतो. दोन हातांसाठी लिटरमागे शंभर फूट धरले, तर साडेनऊ लिटर लागतील. इथे बहुतेक मुकादम वीस लिटरची बादली सांगतो. ‘कमी नको पडायला’ हे त्याचं म्हणणं असतं आणि त्याला अर्थही आहे. शेवटच्या भिंतीला रंग संपला आणि नव्या डब्यात किंचित फरक निघाला, तर बोलणी त्यालाच खावी लागतात. पण त्यासाठी दहा लिटर ऑफ व्हाईट गोदामात पाठवायची गरज नाही.

दहा लिटरचा एक डबा बनवून घ्यायचा आणि आधी दोन्ही बेडरूम संपवायच्या. मग थांबून उरलेला रंग मोजायचा. समजा, ६७० फुटांना साडेसात लिटर गेले. म्हणजे या घरात लिटरमागे शंभर नव्हे, नव्वदच्याही जरा आत फूट निघतात. या हिशेबाने हॉलच्या २६५ फुटांना तीन लिटर लागणार आणि डब्यात अडीचच उरले आहेत. आता त्याच शेडची एक लिटरची डबी बनवून आणायची. मात्र ती बाजूला ठेवून लागेल तेव्हा उघडायची नाही. हॉल सुरू करण्याआधीच ती उरलेल्या अडीच लिटरमध्ये ओतून एका बादलीत एकजीव करायची. एक लिटरच्या डबीत मशीनचा थेंबभर फरकही दहा लिटरच्या मानाने मोठा ठरतो. तो फरक मिसळून टाकला की भिंतीवर दिसत नाही. शिवाय बेडरूम आणि हॉल यांच्यामध्ये दाराची चौकट असते. तिथे डोळ्याला दोन भिंती शेजारी-शेजारी ठेवून पाहताच येत नाहीत. रंग बदलायची वेळ आलीच, तर ती कोपऱ्यात आणावी. भिंतीच्या मध्यावर कधीच आणू नये. हॉल झाल्यावर साधारण अर्धा लिटर उरेल. ती त्या घराची टचिंगची डबी.

मोरपंखी भिंतीचं गणित उलटं आहे. गडद शेडमध्ये पांढरं कमी असल्याने झाकण्याची ताकद कमी असते. दोन हातांत भागत नाही, तिसरा द्यावा लागतो. म्हणजे १०५ फुटांना दीड लिटर तरी हवा. हिशेबापुरतं धरू की एक लिटरची डबी साडेपाचशेला आणि चार लिटरचा डबा दोन हजाराला मिळतो. लिटरचा भाव पाहिला तर चार लिटरचा डबा स्वस्त, म्हणून माणूस तोच उचलतो. पण भिंतीला लागणार दीडच लिटर. दोन डब्या घेतल्या तर अकराशे रुपये जातात आणि अर्धा लिटर उरतो. चार लिटरचा घेतला तर दोन हजार जातात आणि अडीच लिटर मोरपंखी गोदामात येतो. त्याला पुढे कुणी विचारत नाही, कारण पुढच्या घरातल्या मालकिणीला गडद भिंत हवीच असली तर ती वेगळ्या शेडची हवी असते. ऑफ व्हाईट थोडा जास्त झाला तर चालतो. गडद रंग नेमकाच आणावा.

काम चालू असताना नोंद कशी ठेवायची? मशीन डब्यावर चिकटवायला एक स्टिकर छापून देतं. त्यावर शेड नंबर, कुठलं प्रॉडक्ट, कुठला बेस, तारीख असं सगळं असतं. दुकानातला मुलगा बहुतेक वेळा तो झाकणावर चिकटवतो, कारण झाकण सपाट असतं. साइटवर मात्र झाकणं इकडची तिकडे होतात. संध्याकाळी आवरताना हाताला येईल ते झाकण त्या मापाच्या डब्यावर दाबलं जातं आणि पिस्त्याच्या डब्यावर मोतियाचा नंबर बसतो. शिवाय झाकणावर ओघळ येऊन स्टिकर वाचता येईनासा होतो. यावरचा उपाय फुकट आहे. डबा साइटवर आला की तो उघडण्याआधी स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढायचा. मग डब्याच्या अंगावर, कडीच्या खाली, परमनंट मार्करने शेड नंबर, साइट आणि खोली लिहायची. रंग उघडल्यावर त्याचं एक बोट त्या लिखाणाशेजारी ओढून वाळू द्यायचं. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. त्यामुळे डब्यात डोकावून शेड ओळखायला गेलं तर फसगत होते, वाळलेलं बोट मात्र खोटं बोलत नाही.

नुसता शेड नंबरही पुरत नाही. तोच नंबर स्वस्त इमल्शनमध्ये आणि महाग इमल्शनमध्ये वेगळा दिसतो, मॅटमध्ये आणि चमक असलेल्या फिनिशमध्ये तर नक्कीच वेगळा दिसतो. एका कंपनीच्या कार्डावरचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर ‘मॅच’ करून घेतला, तर तो जवळपास येतो, तंतोतंत येत नाही. म्हणून वहीतली ओळ अशी हवी : कोथरूड, हॉल, तीन भिंती, शेड नंबर, प्रॉडक्टचं पूर्ण नाव, फिनिश, बॅच, किती आणला, किती उरला, पाणी घातलं होतं का. यातला शेवटचा रकाना बहुतेकांच्या वहीत नसतो. खरं तर तो सगळ्यात कामाचा आहे.

त्यासाठी ‘किती उरला’ हे मोजतात कसं, ते पाहू. मुकादमाचं उत्तर ठरलेलं असतं : ‘अर्धी बादली आहे.’ वीस लिटरची बादली तळाशी निमुळती आणि वर रुंद असते. उंचीने अर्धी दिसणारी बादली मापाने अर्ध्यापेक्षा कमीच भरते. चार साइटवरच्या अशा अर्ध्या बादल्या वहीत धरल्या की नसलेला रंग कागदावर येतो. रद्दीवाल्याकडे असतो तसा लटकता काटा घेतला की हा प्रश्न सुटतो. बादली उघडण्याआधी एकदा तोलायची. समजा, अठ्ठावीस किलो भरली आणि रिकामी बादली एक किलोची आहे. म्हणजे वीस लिटरचं वजन सत्तावीस किलो. काम संपल्यावर ती दहा किलो भरली तर आत नऊ किलो रंग आहे, म्हणजे एक तृतीयांश, सात लिटरला थोडा कमी. प्रत्येक प्रॉडक्टचं आणि बेसचं वजन वेगळं असतं, त्यामुळे भरलेल्या डब्याचं वजन त्या-त्या डब्यावरच लिहून ठेवायचं.

हा काटा एकाच ठिकाणी फसतो. रंगाऱ्याने मूळ बादलीतच पाणी घातलं असेल, तर वजन रंगाचं आहे की पाण्याचं, हे कळत नाही. म्हणून नियम असा असावा की पाणी टबात घालायचं, बादलीत कधीच नाही, आणि टबात उरलेला रंग परत बादलीत ओतायचा नाही. वजनाचा हिशेब हे त्याचं एक कारण. दुसरं कारण जास्त गंभीर आहे.

इमल्शन पाण्यात बनलेलं असतं आणि त्यात ते टिकावं म्हणून जंतुनाशक घातलेलं असतं. नळाचं किंवा साइटवरच्या पिंपातलं पाणी मिसळलं की ते जंतुनाशक पातळ होतं आणि पाण्याबरोबर, ब्रशबरोबर, टबातल्या धुळीबरोबर जीवाणू आत जातात. घट्टपणासाठी वापरलेला सेल्युलोजचा पदार्थ ते खाऊ लागतात. काही दिवसांत रंग ताकासारखा पातळ होतो, झाकण फुगतं आणि उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो. कुणी म्हणतं, लावल्यावर वास जाईल. तो बंद खोलीत बरेच दिवस राहतो आणि पातळ झालेला रंग झाकतही नाही. असा डबा स्टॉकमधून काढूनच टाकावा. पाणी न घातलेलं, घट्ट झाकलेलं इमल्शन मात्र बराच काळ टिकतं. त्यातही एक पथ्य आहे. वीस लिटरच्या बादलीच्या तळाशी दोन लिटर ठेवू नयेत. ते स्वच्छ, लहान प्लास्टिकच्या डब्यात गळ्यापर्यंत भरून ठेवावेत. आत हवा जितकी कमी, तितकी साय कमी धरते.

ऑइल पेंटची तऱ्हा निराळी. ते हवेतल्या ऑक्सिजनने वाळतं, त्यामुळे अर्धवट डब्यात वर जाड साय येते. जुने रंगारी डबा बंद करताना वर थोडं टर्पेन्टाईन सोडतात, ते याचसाठी. साय आलीच तर ती कडेने कापून अख्खी उचलायची आणि खालचा रंग जाळीतून गाळायचा. ढवळून मिसळली तर दाराच्या फळीवर कण उमटतात. पांढरं ऑइल पेंट अंधारात पिवळं पडतं, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या डब्यातला पांढरा आजच्या खिडकीला चालेलच असं नाही. आणखी एक. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचं ऑइल पेंट गोदामाच्या कोपऱ्यात निघालं, तर ते वापरूच नये, मुलांच्या खोलीत तर मुळीच नाही.

पुट्टी आणि पॉलिशबद्दल थोडक्यात. सिमेंटच्या पुट्टीचं आयुष्य साधारण सहा महिने, तेही गोणी कोरडी राहिली तर. फरशीवर थेट ठेवलेली गोणी पावसाळ्यात खालून दगड होते. फोडलेली गोणी एका साइटवरून दुसरीकडे नेण्यात तर काही अर्थच नाही. लाकडाचं पीयू पॉलिश दोन भागांत येतं. त्यातला हार्डनर दमट हवा लागली की बिघडतो आणि दोन्ही मिसळल्यावर काही तासांत संपवावं लागतं. ते रोज लागेल तेवढंच मिसळायचं. उरलं तर स्टॉकला शून्य धरायचं.

आता ज्या गोष्टीवर कंत्राटदार मोकळेपणाने बोलत नाहीत, ती. पुट्टीच्या गोणीत आणि रंगाच्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन टाकायची पद्धत या धंद्यात जुनी आहे. हल्ली त्या जागी स्कॅन करायचा कोडही असतो. टोकनचे पैसे रंगाऱ्याला मिळतात. साहजिकच अर्धा डबा शिल्लक असताना नवा डबा फोडायचा मोह होतो. गोदामातले कितीतरी अर्धवट डबे असे जन्माला येतात आणि त्यासाठी रंगाऱ्याला चोर ठरवण्यात हशील नाही. त्याचं बक्षीस कंपनीने डबा फोडण्याशीच बांधलं आहे. काही कंत्राटदार डबे फोडायचं काम मुकादमाकडे ठेवतात, सगळी टोकनं एका डब्यात जमा करतात आणि काम संपलं की रंगाऱ्यांत वाटून टाकतात. पैसे त्यांचे त्यांना मिळतात आणि डबा लवकर फोडण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. मला हा तोडगा कुलपापेक्षा बरा वाटतो.

उरलेला डबा कोणाचा, हे काम कसं घेतलं आहे यावर ठरतं. मजुरीवर काम असेल तर माल मालकाचा आणि उरलेलाही मालकाचाच. तो टेम्पोत घालून नेला तर भांडण ठरलेलं. मालासकट चौरस फुटाच्या दराने काम घेतलं असेल तर उरलेला माल कंत्राटदाराचा. तरीही प्रत्येक शेडची अर्ध्या-एक लिटरची डबी मालकाच्या माळ्यावर ठेवून येणं शहाणपणाचं आहे, कारण तीन महिन्यांनी एसीवाला भिंतीला भोक पाडतो आणि फोन कंत्राटदारालाच येतो. डबी ठेवतानाच मालकाला सांगावं की टचिंगचा रंग काही महिन्यांनी डाग म्हणून उठून दिसू शकतो. रंग तोच असला तरी भिंत तोवर मळलेली, उन्हाने उतरलेली असते. शिवाय रोलरच्या पोतावर ब्रशचा फराटा वेगळा दिसतो. मोठं टचिंग असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत एक हात करावी लागते. त्याला अर्धा लिटर पुरणार नाही, पण डब्यावर लिहिलेला नंबर पुरतो.

एवढं करूनही गोदामात काही डबे उरतातच. आतलं इमल्शन चांगलं असेल तर फिके रंग एकत्र करून एक राखाडी-मळकट क्रीम तयार होतो. सोसायटीची मीटरची खोली, डक्टच्या आतली बाजू, दुकानाचा पोटमाळा असल्या ठिकाणी तो खपतो. आतलं आतल्यात, बाहेरचं बाहेरच्यात आणि ऑइल पेंट वेगळं, हे मात्र मोडायचं नाही. आतला रंग स्वस्तात मिळाला म्हणून बंगल्याच्या बाहेरच्या भिंतीला पहिला हात त्याचा दिला, तर ऊन-पाऊस सोसायची ताकद त्यात नसते. खालचा थर सुटला की वरचा चांगला बाहेरचा रंगही पापुद्र्यासारखा निघतो. आणि मिसळलेल्या रंगाला शेड नंबर नसतो. त्यामुळे सगळी जागा पुरेल एवढा एका पिंपात एकदमच करावा, नंतर तसाच दुसऱ्यांदा होणार नाही.

सडलेलं किंवा आटलेलं इमल्शन गटारात ओतू नये. घासकामाची भुकटी किंवा वाळू मिसळून डबा उघडा ठेवला की ते आठवड्याभरात घट्ट होतं. मग ते कोरड्या कचऱ्यात देता येतं आणि खरवडलेली बादली भंगारवाला घेऊन जातो. ऑइल पेंट, थिनर आणि हार्डनर यांचे डबे त्या बादल्यांपासून वेगळे, आगीपासून लांब ठेवावेत आणि घातक कचरा म्हणून महापालिकेच्या व्यवस्थेकडे वेगळे सोपवावेत.